विचारल्याशिवाय आऊट नाही

ये गं बाई, जवळ ये. कागदावर तरी ये, कारण खरी यायला तुला सवड कुठली? हिंजवडी ते चिंचवड म्हणजे काय सातासमुद्रापलीकडे आहे का? कंपनीची गाडी, ट्रॅफिक, मीटिंग, सगळं ऐकून घेतलं मी. दिवाळीला तोंड दाखवून गेलीस ती गेलीसच. आणि परवा फोन केलास तोही मॅच चालू असताना. मागे टीव्हीचा गलका, माझं निम्मं बोलणं त्यातच वाहून गेलं. मी सहज म्हटलं, अगं, बोलरनं विचारलंच नाही, तर अंपायर आऊट देईल कसा? तर हसलीस. म्हणालीस, "आजी, तुला हे कुठून माहीत?"

कुठून म्हणजे? तुझ्या जन्माआधी जग नव्हतं का? बस आता. सांगते कुठून ते.

आमचे एक घरमालक होते. नाव नाही सांगत. त्यांना स्वतःलाच आवडलं नसतं. सगळी चाळ त्यांना आबा म्हणायची. मूळचे गावातले, पिढ्यान्‌पिढ्या शेती केलेले. आमचे अण्णा, म्हणजे तुझे पणजोबा, सोलापूरकडून इथल्या कारखान्यात लेथवर लागले, तेव्हा आकुर्डीच्या अलीकडे आबांच्या पत्र्याच्या चाळीत आम्ही एक खोली घेतली. समोर आबांचं घर, लांबलचक ओटा, ओट्यावर आबा. उंच, वाळक्या शेंगेसारखे. पांढरं धोतर, पांढरी पैरण, वर खिशांची बंडी, डोक्यावर पांढरा पटका. थंडी असो, ऊन असो, बंडी अंगावर असायचीच.

या माणसाची तऱ्हा एकच. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. आता तू म्हणशील, अशी अबोल माणसं खूप असतात. अबोल नव्हते गं ते. विचारलंस तर सगळं सांगायचे, अगदी नको तितकं खरं. पण विचारलं पाहिजे. नवा भाडेकरू आला, बिचारा टमरेल घेऊन संडास शोधत चाळीला फेऱ्या मारतोय, आबा ओट्यावरून बघताहेत. त्याची अवस्था बघवेना तेव्हा माझी आई बाहेर आली आणि तिने वाट दाखवली. मग आबांना म्हणाली, अहो, सांगायचं नाही का? तर आबा म्हणाले, "त्यानं इचारलं न्हाई."

एकदा म्हैस सुटली आणि त्यांच्याच दारची कोथिंबीर खात उभी राहिली. आबा समोर बसलेले. त्यांच्या कारभारणीला, आक्कांना, ते दिसलं आणि त्या ओरडत आल्या. आबा शांतपणे म्हणाले, "ती इचारून न्हाई आली, आन् तूबी मला इचारलं न्हाई." आक्कांनी त्या दिवशी म्हशीला मारायची काठी कुणाच्या दिशेने उगारली ते मी सांगत नाही.

लोक हसायचे, चक्रम म्हणायचे. मीही हसायचे. या तऱ्हेमागचं कारण मला खूप उशिरा कळलं, तेही अण्णांकडून. बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला कारखान्यांसाठी जमिनी घेतल्या, त्यात आबांचं चांगलं काळं रान गेलं. कागद आला, मोजणीची माणसं आली, खुंट्या ठोकल्या. मोबदला मिळाला, त्याबद्दल आबांची तक्रार नव्हती. त्याच पैशातून चाळ उभी राहिली. पण अण्णांना एकदा म्हणाले होते, "मास्तर, कुनी दारात येऊन एक डाव इचारलं असतं ना, आबा, देतोस का, तर म्या दिलं असतं. पर इचारलंच न्हाई." अण्णा लेथवरचे कामगार, पण चष्मा होता म्हणून आबा त्यांना मास्तर म्हणायचे. तेव्हापासून आबांनी ठरवून टाकलं असावं. आपण कुणाच्या न विचारलेल्यात पडायचं नाही, आणि कुणी विचारलं तर लबाडी करायची नाही.

आता क्रिकेट. चाळीमागे विहिरीपलीकडे आबांचा एक मुरमाड तुकडा उरला होता. पीक घेण्याच्या लायकीचा नव्हता म्हणूनच उरला म्हण ना. चाळीतली पोरं, तरणे कामगार तिथे खेळू लागले. आबा रोज विहिरीवर येऊन बसायचे, नुसते बघत. पोरांना वाटायचं, म्हातारा चिडलाय, आता चेंडू जप्त करणार. शेवटी रस्त्यावरच्या गॅरेजातला रहीमभाई पुढे झाला. मूळचा इथलाच, ट्रकची इंजिनं नीट करायचा, खांदे असे की बोलिंग टाकायला यायला लागला तर जमीन हलायची. तो म्हणाला, "आबा, खेळू का इथं?" आबा म्हणाले, "खेळा की." इतकंच. दुसऱ्या दिवशी बघावं तर आबांनी स्वतः दगडी रूळ जोडून मधली पट्टी दाबायला घेतलेली.

मग खेळात भांडणं होणारच. बाद की नाही बाद. एकदा कुणीतरी चिडून आबांकडे वळलं, "आबा, तुम्ही सांगा." झालं. विचारलं ना. आबांनी खरं काय ते सांगितलं, आणि त्या दिवसापासून ते अंपायर झाले.

नियम अण्णांनी शिकवले. संध्याकाळी ओट्यावर कोळशाने तीन रेघा काढायच्या, त्या स्टंप. चिंचोका म्हणजे चेंडू. इथे टप्पा पडला आणि पायाला लागला तर पायचीत होऊ शकतो, पण लेग स्टंपच्या बाहेर टप्पा पडला तर मुळीच नाही, मग तो पुढे स्टंपवर का जाईना. आबा चिंचोका परत परत ठेवून बघायचे. कॅच, रनआऊट, यष्टिचीत, सगळं झालं. आणि मग अण्णा म्हणाले, एक मुख्य राहिलं. क्षेत्ररक्षण करणाऱ्यांनी विचारल्याशिवाय अंपायरने कुणाला बाद द्यायचं नाही. 'हाऊज दॅट' असं विचारायचं. तेही बोलर पुढच्या चेंडूसाठी धावायला लागायच्या आत. एकदा पुढचा चेंडू पडला की गेलं ते गेलं.

आबांनी हातातला चिंचोका खाली ठेवला. "असं लिवलंय?"

"असंच लिहिलंय."

"आन् इचारलं न्हाई तर?"

"तर डोळ्यांनी बघितलं असलं तरी गप्प राहायचं."

आबांनी कोळशाच्या तिन्ही रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "ह्यो खेळ श्यान्या मानसानं काढलाय."

इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. साऱ्या जगाने वेडा म्हटलेल्या माणसाला आपल्यासारखा कुणीतरी परमुलखात सापडावा, तसं.

त्यांची अंपायरगिरी बघायला हवी होतीस. सकाळी पहारीने स्टंपांची भोकं पाडायची, त्यात तांब्याने पाणी सोडायचं, मुरूम भिजला की स्टंप रोवायचे. अण्णांनी लेथवर बेल्स करून दिल्या होत्या, त्या वर ठेवताना आबा श्वास धरायचे. मग काथ्याची मॅट अंथरायची, चारी बाजूंनी ताणून लोखंडी खिळे ठोकायचे. मॅटीवर चेंडू उसळतो चांगला, पण कुठे चुणी राहिली तर बॅट्समनच्या हनुवटीवर यायचा, म्हणून आबा अनवाणी पायांनी चाचपत तिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे. अंपायरला पांढरा कोट लागतो असं कुणी म्हणालं तर म्हणायचे, मी जन्माचाच पांढऱ्यात हाय.

बंडीच्या उजव्या खिशात सहा चिंचोके. चेंडू पडला की एक डाव्या खिशात. उजवा रिकामा झाला की म्हणायचे, "झाली," म्हणजे ओव्हर झाली. बॅट्समन आल्यावर गार्ड मागतो ना, मधला स्टंप द्या, लेग द्या, ते मागितलं की आबा एक डोळा मिटून, हात उभा धरून सांगायचे, सरक, आणखी सरक, हां तिथं. एखादा नवखा न विचारता तसाच उभा राहिला तर त्याला सबंध डाव आंधळ्यासारखा खेळू द्यायचे.

आणि पक्षपात म्हणशील तर, त्यांचा स्वतःचा मुलगा पहिल्याच चेंडूवर पायचीत झाला होता. विचारायचा अवकाश, आबांचं बोट वर. मुलगा घरी जेवायला बसला तर आक्कांनी नवऱ्याच्या पानात त्या दिवशी भाकरी जरा जोरातच आपटली. आबांनी खाल्ली. तक्रार विचारली नव्हती ना कुणी.

आता अण्णांचं. अण्णा माझे सोलापूरला मिलच्या टीममध्ये होते, पण बारावे. बारावा गडी म्हणजे कुणाला लागलं, कुणी थकलं तर मैदानात धावायचं, फील्डिंग करायची, पाणी न्यायचं. बॅट नाही, बोलिंग नाही. सगळं उमेदीचं वय तसंच गेलं. मी विचारलं होतं, अण्णा, तुम्ही कधी म्हणालात का कॅप्टनला, मला खेळवा म्हणून? तर चष्मा पुसत म्हणाले, "त्यांना दिसत नव्हतं का?" असे आमचे अण्णा. दुकानातून सडका बटाटा आला तरी परत न करणारे. आबा विचारल्याशिवाय द्यायचे नाहीत आणि अण्णा काही मागायचे नाहीत, म्हणूनच दोघांचं जमलं असेल.

इकडे आल्यावर गुडघा धरला, तेव्हा अण्णा नुसते मॅच बघायचे, आणि मी त्यांच्याबरोबर. घरात मुलगा नव्हता, म्हणून मी. पहिल्यांदा कंटाळा यायचा, मग गोडी लागली. बोरीच्या झाडाखाली पोतं टाकायचं, बरोबर स्टंपांच्या रेषेत. अण्णा म्हणायचे, बाजूने बघितलं तर जोर दिसतो, सरळ बघितलं तर खरं दिसतं. शेजारी चहाची किटली, फडक्यात भुईमुगाच्या शेंगा. चेंडू पडेपर्यंत शेंग नुसती हातात धरायची, पडून गेला की फोडायची. आणि ओव्हर चालू असताना एक अक्षर बोलायचं नाही. आबा "झाली" म्हणाले, फील्डर या टोकाचे त्या टोकाला चालायला लागले, की बोलायचं. तेवढ्यात जे बसेल ते. नवा बोलर धाव घ्यायला वळला की पुन्हा गप्प.

तू कधी थंडीतली इथली दुपार बघितली आहेस का? आता नाही दिसायची. तेव्हा कारखान्यांच्या मधे मधे ज्वारी उभी असायची. ऊन कसं, कोमट दुधासारखं. भट्टीतल्या लोखंडाचा वास, रंगाचा वास आणि कुठूनतरी हुरड्याचा. वर घारी गोल फिरत. बोलर पळत यायचा, पाय पडताना दिसायचे आणि आवाज जरा मागाहून पोचायचा. बॅटचंही तसंच. चेंडू आधी निघायचा, टक्‌ मागाहून ऐकू यायचं. मला वाटायचं, सगळं जग पाण्याखाली चाललंय, हळूहळू, आणि अण्णा नि मी काठावर बसलोय.

अशाच एका दुपारची गोष्ट. मी सतरा-अठराची. सातवीनंतर शाळा सुटली होती. पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर आणि अण्णांच्या जुन्या वर्तमानपत्रांवर. त्या वर्षी एका कंपनीत मुलींना घ्यायला लागले होते, बारीक तांब्याची तार गुंडाळून कॉइल करायच्या. बोटं बारीक लागतात म्हणून मुली हव्यात. चाळीतली एक लागली होती. तिच्याबरोबर जाऊन मी चाचणी देऊन आले, आईला ठाऊक होतं. त्यांनी सोमवारी या म्हणून सांगितलं. आणि त्याच आठवड्यात थोरल्या काकांचं पत्र, स्थळ आणलंय, मुलगा बरा आहे, गुरुवारी संध्याकाळच्या गाडीने येतो, होकार घेऊनच जाईन. अण्णांनी पत्र वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. कुणाला काही म्हणाले नाहीत. थोरल्या भावापुढे त्यांनी जन्मात मान वर केली नव्हती.

मुलगा वाईट नसेलही गं. पण मला ती तार गुंडाळायची होती. चाचणीला बसले तेव्हा ती चकाकणारी तार माझ्या बोटांखालून अशी सरळ, एकापाशी एक बसत गेली, की वाटलं, हे माझं आहे. आई म्हणाली, अण्णांना तू विचार, मी मध्ये बोलले तर मीच शिकवलं म्हणतील. अण्णा तर घरी आले की जेवायचे नि झोपायचे. त्यांच्याशी बोलायची माझी जागा एकच होती, बोरीखालची.

आमच्या कारखान्याची सुट्टी गुरुवारी असायची. त्या गुरुवारी चाकणची टीम आली, कांदा मार्केटातली मंडळी, कांद्याच्या ट्रकमधूनच. उतरले तर साऱ्यांच्या कपड्यांना वास. आबांनी नाक उडवलं आणि नाणं उडवलं. आमची बॅटिंग आधी झाली, मग दुपारी त्यांची. त्यांचा कॅप्टन एका अडत्याचा मुलगा, गोरा, ठेंगणा, अंगावर ठिपका न पडू देता खेळणारा. तो एका बाजूने उभाच राहिला.

आणि मी प्रत्येक ओव्हरनंतर तोंड उघडत होते.

"झाली," आबा म्हणायचे. फील्डर चालू लागायचे. मी म्हणायचे, "अण्णा." अण्णा म्हणायचे, "बघ, आता तो रहीमला पुढून खेळेल." मी शब्द जुळवेपर्यंत मॅटीच्या त्या टोकाला बोलर वळलेला असायचा, अण्णांच्या हातात नवी शेंग. पुन्हा सहा चेंडू. पुन्हा "झाली." एकदा म्हटलं, "अण्णा, एक विचारू?" तेवढ्यात फील्डर नीट उभे नाहीत म्हणून अण्णांचं लक्ष तिकडे. एकदा आईच चहा घेऊन आली. ऊन कलायला लागलं. गाडी पुण्याच्या वाटेवर असेल, काका डब्यात पान लावत असतील, असं मला दिसायला लागलं.

मग तो चेंडू आला. रहीमभाई आमच्याच बाजूने टाकत होता, निंबापासून लांबलचक धाव. तो नेहमीसारखा ओठांत बिस्मिल्ला म्हणाला आणि निघाला. चेंडू ऑफ स्टंपच्या जरा बाहेर पडला, मॅटीवर उसळला, कॅप्टनने बॅट आडवी घातली, आणि नेमका त्याच क्षणी पलीकडच्या कारखान्याचा भोंगा झाला. त्यांची सुट्टी रविवारची, म्हणून त्यांची पाळी त्या दिवशी सुटत होती.

तुला भोंगा म्हणजे काय कळायचं नाही. नुसता आवाज नसतो तो. कारखान्यात राबणाऱ्या माणसाचं अंग तो ऐकून आपोआप सैल पडतं. हात थांबतो, मान वळते. आमची अख्खी टीम कामगारांची. चेंडू कीपरच्या हातात छातीपाशी जाऊन बसला होता, आणि कीपर भोंग्याकडे बघत होता. स्लिपवाला मनगटावरच्या घड्याळाकडे. रहीमभाई एकटा गॅरेजवाला, पण त्याला बॅटचा आवाज काही ऐकू गेला नाही, भोंग्याने सगळं गिळलं होतं. कीपरने चेंडू सवयीने परत टाकला.

अण्णा पुटपुटले, "लागला."

चालू ओव्हरमध्ये अण्णा बोलले. मी चमकून बघितलं. "काय?"

"बॅटची कड लागली. चेंडूने वाट बदलली. सरळ दिसलं मला."

"मग ओरडा ना, अण्णा."

"बाहेरच्याने नाही विचारायचं. खेळणाऱ्यानेच विचारायचं असतं."

मी आबांकडे बघितलं. आबा स्टंपांमागे उभे. त्यांनी एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात टाकला. चेहरा दगडाचा. पण त्यांनाही दिसलं होतं, मला शपथेवर ठाऊक होतं. कॅप्टन बॅटीने मॅट ठोकत होता, खाली मान घालून. रहीमभाई पाठ करून निंबाकडे चालला होता. काय हळू चालला होता गं तो. भोंगा थांबला, त्याचा घुमारा ज्वारीवर राहिला. घार एक गिरकी घेऊन गेली. अजून वेळ होता. विचारलं असतं तर अजून होता. कुणी एकाने विचारायचं होतं, अकरांतल्या कुणीही, आणि बोट वर गेलं असतं. रहीमभाई निंबापाशी पोचला, चेंडू पायजम्याला घासला, वळला. मला वाटलं, आपणच ओरडावं. मी पोत्यावरून अर्धवट उठले.

तो पळाला. चेंडू पडला. कॅप्टनने तो हळूच ढकलला.

"गेलं," अण्णा म्हणाले.

ओव्हर संपली. "झाली." फील्डर चालायला लागले. आणि मी काही जुळवलं नाही, काही नाही, जे तोंडात आलं ते बोलले. "अण्णा, मला आत्ता लग्न नाही करायचं. कॉइलच्या कंपनीत निवड झालीय. सोमवारी बोलावलंय. मी जाऊ?"

अण्णांची शेंग हातातच राहिली. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला. पलीकडून बोलर निघाला होता. अण्णा खेळ बघू लागले. सबंध ओव्हर ते बोलले नाहीत, मीही नाही. नियमच होता. सहाही चेंडू पडले. पण शेंग फुटली नाही. ओव्हर झाल्यावर म्हणाले, "बघू."

अण्णांचं 'बघू' म्हणजे आकाशाचा रंग. त्यातून काय पडेल कुणाला कळावं.

मॅच चाकणने जिंकली. तो कॅप्टन शेवटपर्यंत होता. ट्रकमध्ये चढायच्या आधी त्याने आबांना वाकून नमस्कार केला, कान जरा लाल होते. मग रहीमभाई आला. त्यालाही काहीतरी टोचत असणार. म्हणाला, "आबा, खरं सांगा. भोंगा झाला तेव्हाचा बॉल त्याला लागला होता का?"

"व्हय. लागला व्हता."

"आणि तुम्ही आत्ता सांगताय?"

"तू आत्ता इचारलंस."

रहीमभाई मॅटीवर मटकन बसला आणि हसत सुटला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सगळे हसले. मी नाही. मी चिंचवड स्टेशनच्या दिशेला बघत होते.

काका दिवे लागायच्या वेळी आले. आमच्या खोलीत तीन माणसं बसली की चौथ्याला उभं राहावं लागे, म्हणून पाहुण्यांची बैठक आबांच्या ओट्यावरच व्हायची. चहा झाला. काकांनी मुलाचं घर, जमीन, मुलाच्या आईचा स्वभाव, सगळं सांगितलं. वैशाखात उरकून टाकू, म्हणाले. अण्णा हं म्हणत होते. त्यांचा प्रत्येक हं माझ्या पायाखालची माती थोडी थोडी नेत होता. मी दाराच्या आत, आई माझ्यामागे. आबा ओट्याच्या कडेला सुपात चिंचोके निवडत बसलेले, जणू त्या गावचेच नाहीत.

आणि काकांनी चूक केली. काकांना आबांची रीत माहीत नव्हती. घरमालकाचा मान ठेवावा म्हणून ते वळून म्हणाले, "काय मालक, असलं स्थळ कोणी सोडतं का? तुम्हीच सांगा."

आबांचा हात थांबला. "मला इचारताय?"

"मग कुणाला?"

"मंग सांगतो. पोरीला इचारलं का?"

काका हसले. "पोरीला काय विचारायचं? आमच्यात तशी पद्धत नाही."

"आमच्यात बी न्हवती," आबा म्हणाले. "आमच्या रानाला बी कुनी इचारलं न्हवतं."

एवढंच बोलून ते पुन्हा चिंचोके निवडायला लागले. काकांना त्यातलं काही कळलं नसावं. पण अण्णांना कळलं. त्यांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी अण्णांना थोरल्या भावाच्या तोंडाकडे सरळ बघताना पाहिलं.

"दादा," ते म्हणाले, "तिने विचारलंय मला. दुपारीच विचारलंय. उत्तर माझ्याकडेच राहिलं होतं."

"कसलं उत्तर?"

"तिला सोमवारी कंपनीत जायचंय. जाऊ दे. लग्नाचं मागाहून बघू, आणि तेही तिला विचारून."

काकांनी आबांकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं. म्हणाले, "आता सांगतोस? मी तिकडे शब्द देत आणलाय."

अण्णांना पुढे बोलता येईना. त्यांची शिदोरी तेवढीच होती. मग आबांनीच सूप बाजूला ठेवलं, आणि, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, कुणी विचारलं नसताना बोलले. "टायमात हाय, पाव्हणं. पुढचा चेंडू पडला न्हाई आजून."

काका दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेले, न्याहारी न करता. वर्षभर पत्र नव्हतं. पुढे निवळले. मी सोमवारी गेले. तांब्याची तार, मोठी खिडकी, ओळीने बसलेल्या मुली. पुष्कळ वर्षं केलं ते काम. तुझे आजोबा तिथेच स्टोअरला होते. त्यांनी मला विचारलं होतं, हे तुला आधीच सांगून ठेवते.

गुरुवारी न विसरता त्या पोत्यावर बसायचे दिवस मात्र हळूहळू संपले. माझी सुट्टी एक, अण्णांची दुसरी. ऐंशीनंतर कधीतरी तो मुरमाड तुकडाही गेला, एका छोट्या कारखान्याच्या शेडसाठी. पण या वेळी आबांचा मुलगा ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "आबा, देऊ का?" आबांनी एकदा विहिरीकडे बघितलं. म्हणाले, "इचारलंस ना. दे मंग." खोदायला सुरुवात झाली त्या सकाळी ते अनवाणी तिथे गेले, जिथे मॅट अंथरायची त्या जागेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा चालून आले. चुणी राहिली नाही ना हे बघावं, तसे. अण्णा त्यांच्याबरोबर होते. परत येऊन त्यांनी ओट्यावर चहा घेतला.

आता तिथे काय आहे ते तू रोज गाडीतून बघत जातेस, खिडकीला डोकं टेकून, डोळे मिटून. एक बोर अजून आहे कंपाउंडला लागून. ती आमचीच की दुसरी, मला सांगता येत नाही. तू आलीस तर दोघी जाऊन बघू. रेषेत उभं राहिलं तर मला कळेल. शेंगा भाजून ठेवल्यात, चहा तू आल्यावर टाकीन.

तर बाई, न विचारता तू कधी येतेस याची वाट मी पुष्कळ बघितली. आता विचारते. या गुरुवारी येशील? उत्तर दे लवकर. बोलर निंबापाशी पोचलाय.